आत्मा आहे का नाही, हा प्रश्न आधी बाजूला ठेव

अरे,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. आजोबांच्या दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना, सगळे ताटकळले, काका म्हणाले त्यांची काहीतरी इच्छा राहिलीये, आणि परत येताना तुझा मित्र सहज म्हणून गेला की आमच्याकडे हे नसतंच, आम्ही आत्माच मानत नाही. तेव्हापासून तुझं डोकं फिरलंय. आजोबा गेले कुठे, आणि आत्मा नाही तर मी तरी कोण, असं विचारतोयस. आणि मध्येच एक ओळ टाकलीयेस, की तुला तेव्हा रडूच आलं नाही आणि त्याची लाज वाटते. मला विचारशील तर अख्ख्या मेसेजमध्ये कामाची ओळ तीच आहे. येते तिच्याकडे.

आधी पिंडाचं उरकून टाकू. मित्र खरं बोलला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही ही एक आहेच. पण तुला गंमत सांगू का, एखाद्या पक्क्या वेदान्त्याला विचारलंस तर तोही म्हणेल की भूक लागते ती आत्म्याला नाही. गीतेतला आत्मा शस्त्राने कापला जात नाही, आगीने जळत नाही, मग त्याला भात कशाला लागेल? मेल्यावर प्रवास करतं ते सूक्ष्म शरीर, असं ते लोक मानतात. म्हणजे घाटावर ज्याची वाट बघत होतात तो उपनिषदांतला आत्मा नव्हताच. आपण बोलताना सगळ्यालाच आत्मा म्हणून मोकळे होतो आणि मग त्यावर वाद घालत बसतो.

आता मुद्दा. आत्मा आहे का नाही, असा प्रश्न बुद्धांना थेट विचारलेला आहे. वच्छगोत्त नावाचा एक परिव्राजक, म्हणजे फिरस्ता संन्यासी, आला, म्हणाला, आत्मा आहे का? बुद्ध गप्प. मग नाही का? तरी गप्प. तो उठून निघून गेला. जवळ असलेल्या आनंद या शिष्याने विचारलं, उत्तर का नाही दिलंत? तर म्हणाले, आहे म्हणालो असतो तर आत्मा कायम टिकतो म्हणणाऱ्या शाश्वतवाद्यांच्या बाजूने गेलो असतो, नाही म्हणालो असतो तर मेल्यावर सगळं संपतं म्हणणाऱ्या उच्छेदवाद्यांच्या, आणि हा आधीच गोंधळलेला माणूस आणखी गोंधळला असता, की माझ्याकडे आधी आत्मा होता, तो आता राहिला नाही. बघ, तुझं अगदी हेच झालंय! मित्राने 'नाही' म्हटलं आणि तुला वाटलं काहीतरी काढून घेतलं.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगत आलेय आणि लोक कंटाळले तरी सांगणार, की अनात्म, म्हणजे 'यात आत्मा नाही' हे बुद्धांचं म्हणणं, ही मानायची गोष्ट नाही, करायची तपासणी आहे. आहे-नाही सोड. तू कशाला 'मी' म्हणून धरून बसलायस, ते काढ आणि तपास.

तपासायचं कसं ते बुद्धांनी सारनाथला, म्हणजे तेव्हाच्या इसिपतनला, कौण्डिण्य आणि बाकी चौघांना सांगितलं. धम्मचक्कप्पवत्तनानंतरचं हे दुसरं प्रवचन, अनत्तलक्खण सुत्त. माणूस ज्याला 'मी' म्हणतो त्याचे त्यांनी पाच गट केले, त्यांना स्कंध म्हणतात. रूप म्हणजे शरीर. वेदना म्हणजे सुखद, दुःखद किंवा यातलं काहीच नाही अशी जाणवणारी चव. संज्ञा म्हणजे ओळखणं, हे अमुक ते तमुक. संस्कार म्हणजे मनाची घडण, त्यात इच्छा, राग, सवयी, ठरवणं सगळं आलं. आणि विज्ञान, म्हणजे नुसती जाणीव, काहीतरी कळतंय एवढंच. मग प्रत्येकाला दोन प्रश्न. पहिला, हा जर खरंच 'मी' असता तर माझ्या मर्जीने चालला असता ना, 'असा हो, असा होऊ नकोस' म्हटल्यावर ऐकलं असतं ना? दुसरा, हे टिकणारं आहे का? नाही. जे टिकत नाही त्यात सुख आहे का दुःख? दुःख. मग असल्या गोष्टीला 'हे माझं, हा मी, हा माझा आत्मा' म्हणणं शहाणपणाचं आहे का? पाचही जण म्हणाले, नाही भन्ते. आणि सुत्तात लिहिलंय की ते पाचही तिथेच मुक्त झाले.

आता तुझं ते रडू घे. तू घाटावर उभा होतास, आजोबांवर तुझा जीव होता हे मला माहितीये, आणि तुला वाटत होतं की आता डोळ्यांत पाणी यायला पाहिजे. आलं का? हुकूम दिलास, ऐकला का कोणी? मग चौथ्या दिवशी हॉस्टेलवर मेसमध्ये कोणीतरी उप्पीट वाढलं आणि तुला भरून आलं, तिथे तू 'आता नको' म्हणत होतास, तेव्हा थांबलं का? म्हणजे येणं तुझ्या हातात नाही, थांबवणंही नाही. वेदना आपल्या कारणांनी आली, कारणं बदलली तशी गेली. तरी तू तिला धरून म्हणतोस, मला रडू आलं नाही म्हणजे मी कोरडा, मी वाईट नातू. हे जे 'मी' तिथे चिकटवलंस ना, नेमकं त्यालाच हे सुत्त हात घालतं. लाजेची पण तपासणी कर, तीही बोलावून आलेली नाही.

यावर तू म्हणशील, ठीके, शरीर मी नाही, भावना मी नाही, पण हे सगळं बघणारा कोणीतरी आहे ना? शाब्बास, आता तू याज्ञवल्क्य ऋषीपाशी आलास. बृहदारण्यक उपनिषदात तो नेमकं हेच करतो, हेही नाही तेही नाही, नेति नेति. आणि हे सगळं बाद करत तो एका ठिकाणी थांबतो, जो बघतो त्याच्यापाशी. बघणाऱ्याला तू बघू शकणार नाहीस, जाणणाऱ्याला कशाने जाणशील, असं तो विचारतो. तो द्रष्टा कधी विषय होत नाही, म्हणून तो बाद करता येत नाही, तो नित्य, तोच आत्मा, तोच आतून सगळ्याला चालवणारा अंतर्यामी. अद्वैतवाले पुढे म्हणतात की तोच ब्रह्म. मध्वाचार्यांसारखे द्वैती म्हणतात की नाही, जीव वेगळे आणि देव वेगळा. हिंदू म्हणजे एकच मत असं समजू नकोस. पण आत काहीतरी न बदलणारं आहे यावर हे सगळे येतात.

बुद्ध तिथे थांबत नाहीत. दोघांच्यातला फरक सगळा या शेवटच्या पायरीवर आहे. जाणीव हा त्यांनी पाचवा स्कंध म्हणून यादीतच टाकलाय, तिलाही तेच दोन प्रश्न. डोळा आणि रंग एकत्र आले की बघण्याची जाणीव, कान आणि आवाज आले की ऐकण्याची, आणि कारणं गेली की ती गेली. मागे बसून कायम बघणारा असा वेगळा कोणी त्यांना लागत नाही. वेदान्ती म्हणेल, अहो ही तर वृत्ती झाली, मनाची येणारी-जाणारी हालचाल, नुसता बघणारा साक्षी तिच्याही पलीकडे. त्यावर बुद्धांचं म्हणणं मज्झिम निकाय या त्यांच्या प्रवचनांच्या संग्रहात आहे, की असा आत्मवाद खुशाल धरा, जो धरल्यावर शोक होणार नाही, पण मला तर असा एकही दिसत नाही. म्हणजे पुन्हा तेच! ते आहे-नाही सिद्ध करत बसत नाहीत, धरल्याने काय होतं ते बघ म्हणतात.

म्हणून कोणी 'शेवटी सगळं एकच, निर्वाण म्हणजेच ब्रह्म' म्हणायला लागलं की माझं टाळकं सटकतं. माझ्यावर नेहमी आरोप असतो की मी भेद करते, जोडायचं सोडून तोडते. असू दे. नोकरीच्या ठिकाणी याच हट्टामुळे मला दोन-चार समित्यांवर कोणी घेतलं नाही, त्याचं वाईट वाटायचं, आता नाही वाटत. याज्ञवल्क्य आणि बुद्ध दोघंही विचार करून वेगळ्या ठिकाणी पोचले, त्यांना जबरदस्तीने एका खोलीत कोंबणं हा मला दोघांचा अपमान वाटतो. आणि आत्मा मानणारे काही भोळसट नव्हते. न्यायदर्शनवाले विचारतात, डोळ्याने पाहिलं तेच हाताने धरलं हे कळणारा एकच कोणी नको का? प्रश्न तगडा आहे. बौद्धांना त्यावर शेकडो वर्षं घाम गाळावा लागला.

आजोबांचं राहिलं. आत्मा नाही तर पुढे जातं काय? हाच घोटाळा साति नावाच्या भिक्षूने केला होता, कोळ्याचा मुलगा होता तो. म्हणायचा, हेच विज्ञान, जसंच्या तसं, एका जन्मातून दुसऱ्यात फिरतं. बुद्धांनी त्याला बोलावून चांगलंच फैलावर घेतलं, मूर्ख माणसा असंच म्हणाले, मी असं कधी शिकवलं? आणि मग आगीचं सांगितलं. लाकडाने पेटली तर लाकडाची आग, गवताने पेटली तर गवताची, जाणीव तशी ज्या कारणाने उठते त्या नावाची. आग एका गंजीवरून दुसरीवर गेली तर कोणती वस्तू उचलून नेली सांग? काही नाही, पण दुसरी गंजी पहिलीमुळेच पेटली हे खोटं नाही. कर्माचं फळ याच अर्थाने पुढे जातं. तोच नाही, आणि अगदी दुसराही नाही. बाबासाहेबांनी तर आत्म्याच्या पुनर्जन्माला साफ नकार दिला आणि हे सगळं आणखी वेगळ्या तऱ्हेने मांडलं, ते तुझ्या मित्राला विचार, त्याच्या घरात त्यावर जास्त बोलणं होत असेल.

आणि एक, कारण तू घाईचा आहेस. हे वाचून 'हां, म्हणजे मी नाहीच' असं स्टेटस ठेवशील. खेमक नावाचा एक भिक्षू कोसंबीजवळ आजारी पडला होता. थोरल्या भिक्षूंनी दासक नावाच्या भिक्षूला निरोप देऊन पाठवलं, या पाचांत काही 'मी' म्हणून दिसतं का? खेमक म्हणाला, नाही. मग तू अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झालास! तोही म्हणाला, नाही. 'हा मी' असं कशालाच म्हणत नाही, पण 'मी आहे' असं वाटणं अजून गेलेलं नाही. दासक बिचारा हेलपाटे घालत राहिला, शेवटी खेमक स्वतःच काठी टेकत त्यांच्याकडे गेला आणि समजावलं, की मत सुटणं वेगळं आणि हे वाटणं सुटणं वेगळं, त्यासाठी हे पाच गट कसे उठतात कसे मावळतात ते बघत राहावं लागतं. बोलता बोलता तो आणि ऐकणारे साठ भिक्षू मुक्त झाले. मला ही गोष्ट फार आवडते. आजारी माणूस, पटलेलं सगळं होतं, तरी खोटं बोलला नाही.

तर वर्षश्राद्धाला घरी बापाशी वाद घालू नकोस, त्यांना त्यांच्या वडिलांचं करू दे. तू तिथे पाटावर बसशील तेव्हा काय काय उठतं ते बघ, कंटाळा येईल, मोबाईल बघावासा वाटेल, एखादवेळेस रडू पण येईल, प्रत्येकाला ते दोन प्रश्न विचार. आणि मग मला लिही. फक्त परत 'मॅडम, आत्मा आहे का नाही' एवढंच विचारलंस ना, तर वच्छगोत्ताला जेवढं उत्तर मिळालं तेवढंच मिळेल.

तुझी,
मॅडम