‘लॉस्ट’ नक्की कोणाची?

प्रश्न: लॉस्ट तर जे. जे. अब्राम्सची सीरिज ना? मग क्रेडिटमध्ये तो जेफ्री लीबर कोण आहे, आणि शोरनर म्हणजे डिरेक्टरच का?

नाही, शोरनर म्हणजे डिरेक्टर नाही, तो सगळी सीरिज चालवणारा आणि लेखनावर शेवटचा शब्द असणारा मुख्य माणूस. आणि लॉस्टच्या सहा सीझनमध्ये अब्राम्सने डिरेक्ट केलाय तो फक्त पायलट, म्हणजे सुरुवातीचे दोन भाग. मी स्वतः मालिकांचे संवाद लिहितो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, जरा सविस्तर सांगतो.

विमान पडून लोक बेटावर अडकतात ही मूळ कल्पना ना अब्राम्सची ना लीबरची, ती एबीसी या अमेरिकन चॅनलचे तेव्हाचे प्रमुख लॉइड ब्राऊन यांची. त्यावर पहिली स्क्रिप्ट लिहायला लीबरला घेतलं, त्याने ‘नोव्हेअर’ नावाने ती लिहिली, पण चॅनलला काही पटली नाही. मग 2004 च्या सुरुवातीला ब्राऊननी अब्राम्सला गाठलं, त्याच्यासोबत डेमन लिंडलॉफ आला, दोघांनी मिळून नव्याने पायलट लिहिला आणि तो अब्राम्सने हवाईला शूट केला.

आता प्रश्न आला नाव कोणाचं लावायचं. अमेरिकेत हे प्रोड्यूसर आपल्या मर्जीने ठरवू शकत नाही, लेखकांची युनियन आहे रायटर्स गिल्ड, तिचे नियम लागतात. वाद झाला की गिल्डचे तीन लेखक सगळे ड्राफ्ट वाचून निकाल देतात, आणि ड्राफ्टवर लिहिणाऱ्याचं नाव नसतं, नुसतं लेखक ए, लेखक बी असं असतं, म्हणजे मोठं नाव बघून कोणी झुकू नये. लॉस्टच्या वेळी असाच निकाल होऊन क्रेडिट असं लागलं:

Created by Jeffrey Lieber and J.J. Abrams & Damon Lindelof

यातले and आणि & नीट बघा, ते असेच सहज टाकलेले नाहीत. & म्हणजे दोघांनी जोडीने लिहिलं, and म्हणजे वेगवेगळं काम केलं. एवढ्या एका ओळीत कळतं की लीबरने आधी एकट्याने लिहिलं आणि नंतरच्या जोडीने ते नव्याने उभं केलं. क्रिएटेड बाय हे साधारणपणे पायलटची कथा किंवा संपूर्ण लेखन ज्यांच्या नावावर लागतं त्यांनाच मिळतं, त्यामुळे अब्राम्सचं नाव तिथे आहे ते लिहिलं म्हणून, डिरेक्ट केलं म्हणून नाही. आणि ब्राऊन यांचं नाव नाही, कारण नुसती कल्पना सुचवणं म्हणजे गिल्डच्या हिशोबात लेखन नाही. लीबरला मात्र पुढच्या प्रत्येक एपिसोडमागे क्रिएटरची रॉयल्टी, जरी तो पुढे सीरिजवर नव्हताच तरी. काहींना हे अन्यायाचं वाटतं, मला नाही वाटत, कारण कोरं पान आधी त्याने भरलं होतं.

मग सहा वर्षं सीरिज चालवली कोणी? लिंडलॉफ आणि कार्लटन क्यूज यांनी. क्यूज पहिल्या सीझनमध्ये सुरुवातीनंतर आला, त्यामुळे क्रिएटेड बायमध्ये त्याचं नाव नाही, पण शोरनर हे दोघंच, आणि अब्राम्स लवकरच मिशन इम्पॉसिबलच्या तिसऱ्या भागाकडे वळला. शोरनर असं क्रेडिट स्क्रीनवर शोधू नका, सापडणार नाही, तो एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर म्हणून येतो आणि त्याच पदावर आणखी पाच-सहा जण असतात ज्यांनी कदाचित एक ओळही लिहिलेली नसते.

रायटर्स रूममध्ये काम कसं चालतं तर सगळे लेखक एका खोलीत बसून बोर्डावर सीन बाय सीन एपिसोड मांडतात, मग त्यातल्या एकाला सांगतात की हा तू लिही, तो ड्राफ्ट करतो, खोलीत नोट्स निघतात आणि शेवटी शोरनर त्यावर हात फिरवतो, कधी कधी अर्ध्याहून जास्त बदलतो, पण नाव बहुतेकदा ड्राफ्ट लिहिणाऱ्याचंच राहतं. म्हणजे ‘हा डायलॉग अमक्याने लिहिला’ असं नुसत्या क्रेडिटवरून छातीठोक सांगता येत नाही, तो शेजारी बसलेल्या ज्युनियरचाही असू शकतो. आपल्याकडे मराठी मालिकांत कथा, पटकथा, संवाद अशी वेगवेगळी नावं लागतात, म्हणून आपल्याला तिकडची ही पद्धत पटकन कळत नाही.

डिरेक्टरचं म्हणाल तर सिनेमाच्या सवयीने आपण त्यालाच मालक धरतो, पण अशा सीरिजमध्ये डिरेक्टर बरेचदा एपिसोडगणिक बदलतो आणि शोरनरने ठरवलेल्या चौकटीत काम करतो. पायलटवाल्याचं वजन जास्त, कारण कास्टिंग, लूक, वेग त्याच्या हाताखाली ठरतो, पण त्याने लिहिलं नसेल तर क्रिएटर नाही. हाऊस ऑफ कार्ड्सचं बघा, सुरुवातीचे दोन एपिसोड डेव्हिड फिंचरचे म्हणून लोक अजून ती त्याचीच समजतात, क्रिएटर मात्र बो विलिमन आहे.

लॉस्टचा शेवटचा एपिसोड लावून नावं वाचा, लेखक लिंडलॉफ आणि क्यूज, डिरेक्टर जॅक बेंडर. सीरिजचे सगळ्यात जास्त एपिसोड याच बेंडरने केलेत, तरी लोकांना विचारलं तर दहातल्या एकालाही त्याचं नाव सांगता येईल असं मला वाटत नाही. तो शेवट आवडला नाही म्हणून अब्राम्सला शिव्या देणारे अजून भेटतात, त्यांना एवढी तीन नावं दाखवा.