कट्टे बरोबर होते, भाव चुकला होता

प्रश्न: मी आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा सभासद आहे. मागच्या वर्षी नफा दाखवला, ऑडिटरनं 'खरं आणि वाजवी चित्र' असं लिहून सही केली. यंदा तेच सोयाबीन विकलं तर तोटा. मग ऑडिटमध्ये तपासतात तरी काय?

मी लातूरला ऑडिटचं काम करतो. शेतकरी कंपन्यांची गोदामं बरीच पाहिली आहेत. तुमच्या कंपनीचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून तिच्याबद्दल निकाल देणार नाही. पण माल धरून ठेवणाऱ्या कंपनीत असं झालं की मी आधी ३१ मार्चचा साठा बघतो. तेवढंच इथे नीट सांगतो.

समजा कंपनीनं दिवाळीनंतर सभासदांकडून ४,६०० रुपये क्विंटलनं २,४०० क्विंटल सोयाबीन घेतलं आणि भाव वाढेल म्हणून ठेवून दिलं. ५० किलोचा कट्टा धरला तर ४,८०० कट्टे, १ कोटी १० लाख ४० हजारांचा माल.

पहिला प्रश्न, माल आहे का? मोजणी कंपनीची माणसं करतात. ऑडिटर तिथं हजर राहतो आणि काही थप्प्या स्वतः मोजतो. लांबी, रुंदी आणि उंचीला किती कट्टे लागलेत ते मोजून गुणाकार करायचा, एवढं सोपं वाटतं. पण थप्पी आतून पोकळ असेल तर हा गुणाकार खोटा ठरतो. आर्टिकलशिपच्या काळात एका गोदामात मी चारही बाजूंनी मोजून आकडा लिहिला. आमच्या सरांनी शिडी मागवली आणि मला वर चढवलं. मधोमध माणूस उभा राहील एवढा खड्डा होता. तेव्हापासून शिडी लावल्याशिवाय मी थप्पीचा आकडा लिहीत नाही.

मोजणी दोन्ही बाजूंनी करावी लागते. रजिस्टरमधली नोंद उचलून ती थप्पी शोधायची, आणि समोरची थप्पी उचलून तिची नोंद शोधायची. पहिल्यात नसलेला माल दाखवलेला सापडतो, दुसऱ्यात असलेला माल लपवलेला. शिवाय माल कंपनीचाच आहे का हेही बघायचं, कारण अनेक सभासद आपला माल नुसता ठेवायला म्हणून आणतात. वखारीत ठेवून पावतीवर कर्ज उचललं असेल तर वखारीकडून आणि बँकेकडून थेट पत्र मागवायचं, कंपनीच्या हातून आलेलं नव्हे. मार्चच्या शेवटच्या गाड्यांच्या बिल्ट्या आणि काटापट्ट्याही पाहायच्या. ३० तारखेला गाडी गेली, विक्री धरली, आणि तेच कट्टे साठ्यातही राहिले, तर तोच माल दोनदा मोजला जातो आणि नफा फुगतो.

एक खूण शेतकऱ्याला लगेच पटेल. सोयाबीन वाळतं. ओलावा १२ टक्क्यांवरून १० वर आला तर २,४०० क्विंटलमागे ५३ क्विंटलच्या आसपास वजन घटतं. म्हणून चार-पाच महिन्यांनी साठा किलोकिलोला रजिस्टरशी जुळला तर मला समाधान वाटत नाही, शंका येते. बहुतेक वेळा मोजणी झालेलीच नसते, रजिस्टरचा आकडा उतरवलेला असतो.

सोपं जावं म्हणून घट बाजूला ठेवू आणि माल पूर्ण २,४०० क्विंटल आहे असं धरू. प्रत्येक खरेदीची पट्टी खरी आहे, पैसे खरोखर सभासदांच्या खात्यावर गेले आहेत. तरीही चित्र वाजवी नसू शकतं, आणि तुमच्या प्रश्नाची मेख मला इथंच दिसते.

३१ मार्चला मोंढ्यात भाव ४,१०० होता असं समजा. हमाली, तोलाई, गाडीभाडं क्विंटलमागे ५० जातील, म्हणजे हाती ४,०५० येणार. साठा खरेदीच्या किमतीला किंवा विकून हाती येणाऱ्या रकमेला धरायचा, दोन्हींत जी कमी असेल तिला, असा लेखा मानक २ चा नियम आहे. म्हणजे साठा ९७ लाख २० हजारांना धरायला हवा. कंपनीनं १ कोटी १० लाख ४० हजार धरले असतील तर १३ लाख २० हजारांचा तोटा ताळेबंदात आलाच नाही. कागदावर ९ लाख नफा दाखवला असेल, तर खरं म्हणजे ४ लाख २० हजारांचा तोटा होता. पुढच्या वर्षी माल विकला की तो तोटा त्या वर्षावर येऊन पडतो.

आपल्याकडे १९१३ च्या कंपनी कायद्यात 'खरं आणि बिनचूक' या अर्थाचे शब्द होते. १९५६ च्या कायद्यात 'बिनचूक'च्या जागी 'वाजवी' आलं. पावतीशी आकडा जुळणं पुरेसं नाही, तो आकडा वाचून माणसाची कंपनीबद्दल चुकीची समजूत होता कामा नये, असा त्याचा अर्थ मी घेतो.

ऑडिटरला हा भाव कुठून कळतो? ऑडिट पूर्ण होईपर्यंत दोन-चार महिने गेलेले असतात आणि थोडा माल विकलेलाही असतो. एप्रिल-मेची विक्री बिलं हा मोठा पुरावा. पण तिथंही जपून राहावं लागतं. मार्चमध्ये भाव ठीक होता आणि मेमध्ये आयात शुल्काच्या नव्या निर्णयानं तो कोसळला, तर तो तोटा मागच्या वर्षाचा नाही. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर मागची सही बरोबर आहे आणि यंदाचा तोटाही खरा आहे.

बाकी मर्यादा थोडक्यात. ऑडिटर प्रत्येक पट्टी पाहत नाही, नमुने पाहतो. कितीच्या वरची चूक वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल याची एक रक्कम तो आधी ठरवतो, त्याखालची चूक राहू शकते. इथली १३ लाखांची चूक त्यात कधीच बसणार नाही. माल धरून ठेवायचा निर्णय शहाणपणाचा होता का, यावर तो मत देत नाही. आणि चार माणसांनी मिळून खोटे कागद तयार केले तर ते त्याच्या नजरेतून सुटू शकतात.

संचालकांनी भाव कमी धरायला नकार दिला तर ऑडिटरनं 'अमुक बाब सोडून' असं सशर्त मत द्यायला हवं, रकमेसह. म्हणून अहवालात 'खरं आणि वाजवी' एवढेच शब्द शोधू नका, त्यांच्या आधी 'सोडून' आहे का ते बघा. मग टिपांमध्ये साठ्याचं धोरण वाचा, साठ्याच्या रकमेला क्विंटलनं भागा, आणि येणारा भाव तुमच्या बाजार समितीच्या ३१ मार्चच्या भावाशी ताडून पाहा. क्विंटल अहवालात नसतील तर ते सभेत विचारा.

कंपनीनं सूट दिली नसेल तर ऑडिटरनं किंवा त्याच्या प्रतिनिधीनं वार्षिक सभेला हजर राहणं कायद्यानं बंधनकारक आहे. उभं राहून त्याला दोनच गोष्टी विचारा: साठा कोणत्या भावानं धरला, आणि एप्रिल-मेची बिलं तुम्ही पाहिली होती का?