पीळ की परिबल? आणि 'ब्रेक अश्वशक्ती'तला ब्रेक

प्रश्न: "इंडक्शन मोटरच्या लोड टेस्टचं टिपण मराठीत लिहितोय. टॉर्कला 'पीळ' लिहिलं तर सर म्हणाले 'परिबल' लिही. पीळ का चालत नाही? आणि मोटर थांबवायची नसताना ब्रेक हॉर्सपॉवरमध्ये ब्रेक कुठून आला?"

पीळ हा शब्द तुम्हाला सुचला हे अगदी साहजिक आहे. टॉर्क या शब्दामागचं लॅटिन क्रियापद 'पिळणे, पिरगळणे' याच अर्थाचं आहे. यंत्रशास्त्रात हा शब्द फार जुनाही नाही. १८८४ साली जेम्स थॉमसन या अभियंत्याने, म्हणजे लॉर्ड केल्विनच्या थोरल्या भावाने, तो सुचवला. पण मराठीत 'पीळ' शब्दाचं काम वेगळं आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो तेव्हा पीळ सुंभात असतो, पिळणाऱ्याच्या हातात नव्हे. ओला टॉवेल पिळताना हात जे करतात ते एक, आणि टॉवेलला जो पडतो तो पीळ, हे दुसरं. टॉर्क म्हणजे हातांनी केलेलं. पीळ म्हणजे त्याचा वस्तूवर उमटलेला परिणाम.

नुसता शब्दच्छल वाटेल, पण तुमच्याच प्रयोगाच्या टेबलाशी उभं राहून पाहा. मोटरच्या शाफ्टवर एक पोकळ लोखंडी ड्रम बसवलेला असतो. त्याच्यावरून जाड कापडी पट्टा घेतलेला असतो आणि पट्ट्याची दोन्ही टोकं दोन ताणकाट्यांना अडकवलेली असतात. वरचं हातचाक फिरवलं की पट्टा ड्रमवर आवळतो. ड्रम फिरता फिरता पट्ट्याला आपल्याबरोबर ओढू पाहतो, म्हणून एका काट्यावर ओढ वाढते आणि दुसऱ्यावर कमी राहते. या दोन ओढींतला फरक म्हणजे ड्रमच्या कडेवर लागलेलं घर्षणाचं बल. त्याला अक्षापासूनच्या अंतराने गुणलं की टॉर्क मिळतो. या सगळ्यात शाफ्टचा पीळ कुणी मोजला? कुणीच नाही. मोजलं ते बल, आणि ते अक्षाभोवती किती अंतरावर लागतंय ते अंतर. परिघ, परिभ्रमण यांतला जो 'परि', म्हणजे भोवती, तोच इथे आहे. भोवती लागलेलं बल ते परिबल. कोशकारांनी 'मोमेंट' या संज्ञेसाठी तो वापरला ('निरूढी परिबल' तुम्ही वाचलं असेल), आणि तुमच्या प्रयोगात जे घडतं त्याचं वर्णन तो शब्दशः करतो. म्हणून माझं मत तुमच्या सरांच्या बाजूचं. हिंदी पुस्तकांत 'बल आघूर्ण' दिसतं. ते चुकीचं नाही, पण मराठी वाचकाला त्यातून काही दिसत नाही.

पीळ खरोखर मोजणारीही उपकरणं असतात. मोटर आणि भार यांच्या मधल्या दांड्यावर ताणमापी पट्ट्या चिकटवतात आणि दांडा किती पिळला गेला त्यावरून परिबल काढतात. तो पीळ किती बारीक असतो याचा अंदाज घ्या. तीन अश्वशक्तीच्या मोटरचा २८ मिलिमीटर जाडीचा पोलादी शाफ्ट घेतला, तर पूर्ण भाराला त्याच्या दहा सेंटिमीटर लांबीत पडणारा पीळ एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा भरतो. अशा उपकरणाबद्दल लिहाल तेव्हा 'पीळ' हा शब्द जरूर वापरा, तिथे तो नेमका बसतो.

आता ब्रेक. १८२१ साली गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने फिरत्या शाफ्टला लाकडी ठोकळ्यांची पकड घातली, पकडीला लांब दांडा जोडला, आणि दांडा शाफ्टबरोबर फिरून जाऊ नये म्हणून त्याला वजनाने तोलून धरलं. यंत्र चालूच राहतं. ब्रेक ते थांबवत नाही, त्याने दिलेली सगळी शक्ती घर्षणात खाऊन टाकतो आणि खाता खाता मोजू देतो. वाफेच्या इंजिनांच्या काळात सिलिंडरमधल्या दाबावरून काढलेली अश्वशक्ती वेगळी असे आणि शाफ्टवर प्रत्यक्ष हाती येणारी वेगळी. ही दुसरी ब्रेक लावून मोजत, म्हणून ती ब्रेक अश्वशक्ती. मराठीत ब्रेकला 'गतिरोधक' करू नका. तो शब्द आता रस्त्यावरच्या उंचवट्याचा झाला आहे, शिवाय इथे गती रोखायची नसतेच. 'ब्रेक अश्वशक्ती' म्हटलं की कारखान्यातल्या माणसालाही कळतं.

या रचनेची मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की पट्टा किती खरबरीत आहे हे माहीत असण्याची गरजच नाही. वेग स्थिर असेल तर मोटर जेवढं परिबल देते तेवढंच ब्रेक उलट दिशेने देत असतो. पट्टा गुळगुळीत असला तर हातचाक थोडं जास्त आवळावं लागेल एवढंच. काट्यांमधला फरक तरीही खरं तेच सांगेल.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. मोटर तीन अश्वशक्तीची, म्हणजे २.२ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, पाटीवर वेग मिनिटाला १४३० फेरे. ड्रमचा व्यास २०० मिलिमीटर, पट्टा ६ मिलिमीटर जाड. पूर्ण भाराला एक काटा १७.५ किलो दाखवतो, दुसरा ३. फरक १४.५ किलो. काट्यावरचे किलो हे वजनाचे असतात, त्यांचे न्यूटन करायला ९.८१ ने गुणायचं. अंतर मात्र १०० मिलिमीटर धरायचं नाही. ओढ पट्ट्याच्या जाडीच्या मध्यातून जाते असं मानतात, म्हणून त्रिज्या १०० अधिक ३, म्हणजे ०.१०३ मीटर.

१४.५ × ९.८१ × ०.१०३ = १४.६५ न्यूटन-मीटर

टॅकोमीटरवर १४३० फेरे, म्हणजे सेकंदाला १४९.७ रेडियन. त्याने परिबलाला गुणलं की शाफ्टवरची शक्ती सुमारे २१९४ वॉट येते. त्याच क्षणी दोन वॉटमीटरची बेरीज २६८० वॉट असेल, तर कार्यक्षमता ८१.९ टक्के.

इथे दोन चुका वारंवार होतात. ढिल्या बाजूचे ३ किलो वजा करायचे राहिले, तर १७.५ किलोवरून शक्ती २६४८ वॉट येते आणि कार्यक्षमता ९८.८ टक्के. आकडा शंभराच्या आत आहे, त्यामुळे वहीत तो बिनबोभाट बसतो. पण एवढ्या लहान इंडक्शन मोटरला हे शक्य नाही. नव्वदीच्या बरंच वर काही आलं की आधी वजाबाकी तपासा. दुसरी चूक पट्ट्याची जाडी विसरण्याची. १०३ ऐवजी १०० धरले की कार्यक्षमता ७९.५ टक्क्यांवर येते. ही चूक लपते, कारण आकडा पटण्यासारखा असतो, आणि ती सगळ्याच वाचनांत त्याच प्रमाणात शिरत असल्यामुळे आलेखाचा आकारही बिघडत नाही, वक्र फक्त थोडा खाली बसतो. ती आलेखावरून पकडता येत नाही. पट्ट्याची जाडी मोजून आधीच लिहून ठेवावी लागते.

आणि उष्णता. ही २१९४ वॉट शक्ती जाते कुठे? सगळी ड्रममध्ये. पाणी तापवायच्या एखाद्या मोठ्या रॉडएवढं हे काम आहे. म्हणून ड्रमच्या आतल्या खोलगट कडेत पाणी ओततात, फिरताना ते कडेलाच चिकटून राहतं. एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळायला पूर्ण भाराला अडीच मिनिटंही लागत नाहीत. मी शिकत असताना आमच्या गटाने एकदा पाणी घालायला उशीर केला. आधी पट्ट्याचा जळका वास आला, मग दोन्ही काटे खालीवर हलू लागले. तापलेल्या पट्ट्याचं घर्षण बदलत होतं आणि काट्यांवर स्थिर वाचन मिळेनाच. त्या दिवसाची निम्मी वाचनं आम्हाला टाकून द्यावी लागली. एकाने काटे, एकाने वेग, एकाने वॉटमीटर, आणि तिघांनी एका आवाजावर वाचायचं, हे तेव्हापासून अंगवळणी पडलं.

तुमच्या टिपणात आणखी एक शब्द जपून वापरा: भार. काट्यावरचे किलो म्हणजे मोटरवरचा भार नव्हे. ड्रम मोठा असेल तर तेवढाच भार कमी किलोंत दिसेल. आलेखाच्या आडव्या अक्षावर शाफ्टवरची शक्ती घ्या, वॉटमध्ये, आणि तिला भार म्हणा. याच मोटरवर पट्टा ढिला सोडला की ती २१० वॉट घेते आणि देते शून्य, म्हणून वक्र शून्यापासून सुरू होतो. ५६५ वॉट देताना ती ८१५ घेते, कार्यक्षमता ६९ टक्के. ११२० च्या आसपास ७८, १६५० ला ८१. म्हणजे पाव भारापर्यंत वक्र झरझर चढतो, पाऊण भारानंतर जवळजवळ सपाट होतो. २५४० वॉटला, पाटीवरच्या आकड्याच्या पुढे, तो पुन्हा ८१ वर उतरतो, कारण वेटोळ्यांतली तांब्याची हानी प्रवाहाच्या वर्गाने वाढते. कमी भाराला मात्र लोहगाभ्यातली हानी आणि बेअरिंगचं घर्षण जवळपास तेवढंच राहतं आणि देणं थोडं असतं.

वक्राच्या पाव भाराखालच्या भागावर फार विसंबू नका. तिथे दोन काट्यांतला फरक दोन-तीन किलोच असतो. प्रत्येक काटा शंभर-दोनशे ग्रॅम चुकला तरी परिबलात दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडू शकतो. पट्टा अडकवण्याआधी दोन्ही काटे शून्यावर आहेत का ते पाहा, नसतील तर तो फरक टिपून ठेवा. टिपणात पहिल्यांदा 'परिबल' येईल तिथे 'म्हणजे टॉर्क' असं एकदा लिहा, पुढे नुसतं परिबल पुरेल.