‘की टेकअवेज’ला मराठीत काय म्हणावं?

*लांब माहितीपर लेखांच्या सुरुवातीला मी ‘की टेकअवेज’ची चौकट देतो. मराठीत तिला काय म्हणू? ‘सारांश’ लिहिलं की काहीतरी चुकतंय असं वाटतं. शिवाय चौकटीत काय घालायचं आणि काय गाळायचं, तेही दर वेळी अडतं.*

दोन्ही अडचणी एकच आहेत. शब्द चुकला की चौकटीतला मजकूरही त्या शब्दाच्या मागे जातो.

‘सारांश’चा जुना भाऊबंद ‘गोषवारा’ घ्या. हा मूळचा फारसी शब्द आपल्याकडे हिशेबाच्या वह्यांतून रुळला. पानोपानीच्या नोंदींची खातेवार बेरीज एका जागी मांडायची, तो गोषवारा. त्यात एखादं खातं गाळून चालत नाही, कारण बेरीज जुळायला हवी. सारांशाकडूनही आपण नकळत हीच अपेक्षा करतो, की लेखाच्या प्रत्येक भागाला त्यात थोडी तरी जागा मिळावी. तुमच्या चौकटीला हे बंधन नाही. लेखाचा पाऊण भाग तिच्यात आला नाही तरी हरकत नाही.

‘ठळक मुद्दे’ म्हटलं की कानात आकाशवाणीच्या ठळक बातम्या येतात. पुढे काय येणार आहे त्याची ती वर्दी, म्हणून त्या शीर्षकाखाली माणूस आपोआप मथळे लिहू लागतो. ‘तात्पर्य’ बोधकथेच्या शेवटी शोभतं, आणि तेही एकच. ‘शिदोरी’ अर्थाने अगदी नेमका आहे, बरोबर बांधून न्यायचं ते. पण चौकटीवर लिहिलात तर दिवाळी अंकातल्या सदरासारखा दिसेल.

मी साधं ‘लक्षात ठेवा’ लिहितो. त्याचा फायदा असा की शीर्षक आणि ओळ सलग वाचली की ओळ टिकते की नाही ते लगेच कळतं.

एका मित्राने सर्पदंशावर लांबलचक लेख लिहिला होता. त्याच्या चौकटीत होतं: ‘मण्यारीची ओळख’, ‘प्रथमोपचाराचे महत्त्व’, ‘प्रतिविष कसे तयार होते’, ‘बहुतेक साप बिनविषारी असतात’. आता ‘लक्षात ठेवा: मण्यारीची ओळख’ असं वाचून पाहा. काय लक्षात ठेवायचं? ही अनुक्रमणिका झाली. क्रियापद नसलेली ओळ बहुधा अशीच निघते.

पहिली ओळ आम्ही अशी केली: ‘मण्यारीच्या दंशाची खूण किंवा वेदना जवळजवळ नसू शकते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या रात्री किंवा पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या मिटू लागल्या, तर थेट रुग्णालयात न्या.’ लांब आहे, पण लेख इथेच बंद केला तरी वाचकाच्या हाती काहीतरी लागतं. दुसरी झाली: ‘चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका.’

प्रतिविषावर वाद झाला. घोड्याला विषाच्या थोड्या थोड्या मात्रा देऊन त्याच्या रक्तातून प्रतिविष कसं मिळवतात, हा लेखातला सर्वांत रंजक भाग होता आणि मित्राला घोडा चौकटीत हवाच होता. पण घोडा माहीत असल्याने त्या रात्री कोणी वेगळं काही करणार नाही. त्याच भागातली दुसरी एक गोष्ट मात्र वर आली: ‘साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नका, नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं.’ नुसतं उत्तरार्धातलं वाक्य असतं तर ते लेखातच राहिलं असतं. पूर्वार्धाचं कारण म्हणून त्याला जागा मिळाली.

इथे एक शब्द जपून वापरायला हवा. बोलताना आपण प्रतिविषालाही ‘सापाची लस’ म्हणतो. लेखात ते समजावून सांगता येतं, चौकटीत तेवढी जागा नसते, आणि लस म्हणजे आधी टोचून घ्यायची अशी वाचकाची समजूत असते.

शेवटची ओळ सर्वांत फसवी. बहुतेक साप बिनविषारी असतात हे खरंच आहे. लेखात त्याच्या पुढेच ‘तरी दंश झाल्यावर घरी थांबू नये’ असं होतं. चौकटीत ती ओळ एकटी पडली आणि घरी थांबायचं निमित्त झाली. म्हणून ती काढली. आजूबाजूची वाक्यं काढून घेतल्यावर जिचा अर्थ फिरतो, अशी ओळ खरी असली तरी वर आणू नये.

चौकट लेख पुरा झाल्यावरच लिहा; आधी लिहिली तर तिच्यात असं काहीतरी राहतं जे लेखात कुठेच सापडत नाही. प्रवासवर्णनाला किंवा व्यक्तिचित्राला ती देऊच नका. तिथे ‘लक्षात ठेवा’खाली काही बसत नाही, आणि ओढूनताणून बसवलंच तर ‘तात्पर्य’ परत येतं.