वक्र कुठे वाकतो आणि कशामुळे: जिवाणूंच्या बॅच कल्चरविषयी प्रश्नोत्तरे

माध्यम तेच, तापमान तेच, तरीही ई. कोलायची लॅग फेज, म्हणजे वाढ दिसू लागण्याआधीचा थांबा, कधी अर्ध्या तासाची तर कधी चार तासांची येते. असे का होते?

अशा फरकामागे सहसा तीन कारणे असतात, आणि त्यांपैकी दोन कारणांत जिवंत पेशी मुळीच थांबलेल्या नसतात.

पहिले कारण मोजमापाचे आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६०० नॅनोमीटरला ०.०१ पेक्षा कमी ओडी, म्हणजे कल्चरच्या गढूळपणाचे माप, भरवशाने वाचता येत नाही, आणि ई. कोलायसाठी एवढी ओडी म्हणजे दर मिलिलिटरला सुमारे एक कोटी पेशी. तुम्ही एक लाख पेशींनी सुरुवात केली असेल, तर वाढ डोळ्यांना दिसण्याआधी साडेसहा पिढ्या होऊन गेलेल्या असतात. पिढीचा काळ एक तास असेल तर साडेसहा तास आलेख तळाशी सपाट राहतो, आणि आपण त्या सगळ्या काळाला लॅग म्हणून मोकळे होतो.

दुसरे कारण म्हणजे इनॉक्युलममधील, अर्थात सुरुवातीला घातलेल्या कल्चरमधील, मृत पेशी. आठ पेशींपैकी एकच विभाजनक्षम असेल, तर तिला बाकीच्या सातांची जागा भरून काढण्यासाठी तीन पिढ्या लागतात. तेवढ्या काळात एकूण ओडी दुप्पटही होत नाही, जरी ती एक पेशी पूर्ण वेगाने विभागत असली तरी. हे ओळखायचे असेल तर सुरुवातीपासून दर अर्ध्या तासाने नमुना घेऊन प्लेटवर वसाहती मोजाव्यात. वसाहती पहिल्यापासून वाढत असतील, तर तुमची लॅग फेज केवळ भासमान आहे.

तिसरे कारण खऱ्या लॅगचे. रात्रभर वाढवलेल्या कल्चरमधील पेशींत रायबोसोम कमी असतात आणि त्यांपैकी बरेच निष्क्रिय जोडीच्या रूपात पडून असतात. अशी पेशी एलबीसारख्या समृद्ध माध्यमातून एम-९ सारख्या किमान माध्यमात आली, तर आजवर आयती मिळणारी अमिनो आम्ले आता तिला स्वतः तयार करावी लागतात, आणि त्यासाठी लागणारी विकरे आधी बनवावी लागतात. म्हणजे या अवस्थेत बाहेर अन्न मुबलक असते. वाढीला मर्यादा घालते ती पेशीच्या आतील अपुरी यंत्रसामग्री. म्हणून लॅग आटोक्यात ठेवायची असेल तर इनॉक्युलम त्याच माध्यमात वाढवलेले, ओडी ०.३ ते ०.५ च्या आसपास घेतलेले असावे, आणि नवे माध्यम आधीच ३७ अंशांवर आणलेले असावे.

लॉग फेजमध्ये, म्हणजे पेशी ठरावीक काळाने दुप्पट होत जातात त्या अवस्थेत, अन्न भरपूर असते. मग ई. कोलाय वीस मिनिटांपेक्षा जलद दुप्पट का होत नाही?

कारण प्रथिने बनवण्याच्या यंत्रालाही स्वतःची प्रत काढावी लागते. एका रायबोसोमच्या प्रथिनांमध्ये मिळून साडेसात हजारांच्या आसपास अमिनो आम्ले असतात, आणि एक रायबोसोम सेकंदाला फार तर वीसेक अमिनो आम्ले जोडू शकतो. म्हणजे पेशीने दुसरे काहीही न बनवता फक्त रायबोसोमच बनवले, तरी एका रायबोसोमला स्वतःच्या प्रथिनांची दुसरी प्रत काढायला सहा-सात मिनिटे लागतील. प्रत्यक्षात पेशीला आवरण, वाहतूक-प्रथिने, चयापचयाची विकरे हे सगळे बनवावे लागते आणि हा काळ वीस मिनिटांवर जातो. एम-९ माध्यमात ग्लुकोज हा एकमेव कार्बन-स्रोत असतो, त्यामुळे प्रथिनांचा आणखी मोठा वाटा अमिनो आम्ले तयार करणाऱ्या विकरांवर खर्च होतो आणि दुप्पट होण्याचा काळ साधारण तासाभरावर येतो. ग्लुकोज वाढवून हा वेग वाढत नाही. अमिनो आम्ले घातल्यास मात्र वाढतो. मर्यादा नेमकी कुठे आहे हे यावरून स्पष्ट दिसते.

डीएनएची प्रत काढणे ही मर्यादा असावी असे पुष्कळांना वाटते. ई. कोलायच्या गुणसूत्राची प्रत निघायला सुमारे चाळीस मिनिटे लागतात हे खरे, परंतु जलद वाढणारी पेशी पहिली प्रत पूर्ण होण्याआधीच पुढची सुरू करते, त्यामुळे तो अडथळा उरत नाही.

पुस्तकातील वक्रात लॉग फेजनंतर हळुवार वळण दाखवलेले असते. माझ्या एम-९ च्या प्रयोगात वाढ एकदम थांबली. माझे काही चुकले का?

उलट तुमचा प्रयोग चांगला झाला आहे, आणि त्यामागचे गणित एकदा करून पाहण्यासारखे आहे.

समजा लिटरला २ ग्रॅम ग्लुकोज आहे आणि ओडी ०.०२ पासून सुरुवात केली आहे. चांगली हवा मिळाल्यास ई. कोलाय एक ग्रॅम ग्लुकोजपासून अर्ध्या ग्रॅमहून थोडी कमी, धरू ०.४५ ग्रॅम, कोरडी पेशीद्रव्ये बनवतो. म्हणजे शेवटी लिटरला ०.९ ग्रॅम पेशी मिळतील, आणि ओडी १ म्हणजे सुमारे ०.३५ ग्रॅम धरल्यास अंतिम ओडी अडीचच्या आसपास येईल. ०.०२ पासून अडीचपर्यंत सात पिढ्या, म्हणजे लॅग वगळता सात तास.

आता शेवटच्या तासाकडे नीट पाहा. संख्या दर तासाला दुप्पट होत असल्याने सहाव्या तासाच्या अखेरीस ओडी जेमतेम सव्वा असते आणि निम्मे ग्लुकोज अजून शिल्लक असते. उरलेला एक ग्रॅम एकाच पिढीत संपतो. अगदी शेवटी तर ग्लुकोज खाण्याचा वेग लिटरला मिनिटाला २३ मिलिग्रॅमपर्यंत पोहोचतो.

दुसरीकडे, वाढीचा वेग ग्लुकोजच्या प्रमाणावर किती अवलंबून असतो, हे जाक मोनो यांनी मांडलेल्या समीकरणावरून कळते. ई. कोलाय आणि ग्लुकोजसाठी वेग निम्मा होण्याचे प्रमाण त्यांनी लिटरला सुमारे ४ मिलिग्रॅम इतके अल्प दिले होते. म्हणजे २,००० मिलिग्रॅमपैकी ४० मिलिग्रॅम उरले तरी वेग कमाल वेगाच्या नव्वद टक्क्यांवर असतो. हे ४० मिलिग्रॅम संपायला दोन मिनिटेही लागत नाहीत. दर वीस मिनिटांनी ओडी घेणाऱ्याला हे वळण दिसणारच नाही, त्याला कोनच दिसेल.

मग पुस्तकातील हळुवार वळण येते कुठून? बहुतेकदा ते एलबीसारख्या माध्यमाचे असते. एलबीमध्ये वापरण्याजोगी साखर अत्यल्प असते, पेशी मुख्यतः अमिनो आम्लांवर जगतात, आणि ती अमिनो आम्ले एकामागोमाग एक संपत जातात. म्हणून तेथे ओडी ०.३ च्या पुढेच वेग मंदावू लागतो आणि वाढ रेंगाळत थांबते. शिवाय अमिनो आम्ले जाळताना अमोनिया सुटत असल्याने माध्यम अल्कधर्मी होत जाते.

स्टेशनरी फेज अन्न संपल्यामुळे आली, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे की आम्ल साचल्यामुळे, हे कसे ओळखावे?

आधी आलेखाचा आकार पाहावा, कारण ऑक्सिजनची खूण तेथेच मिळते. वरच्याच उदाहरणात शेवटी पेशींना लिटरला मिनिटाला साधारण १० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, तर ३७ अंशांवर हवेने संपृक्त झालेल्या माध्यमात जेमतेम ७ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. अशा वेळी ओडी घेण्यासाठी शेकर बंद केला, तर मिनिटाच्या आत साठा संपतो. पुढची सगळी वाढ हवेतून द्रवात ऑक्सिजन किती वेगाने उतरतो यावर ठरते, आणि हा वेग पेशी वाढल्या म्हणून वाढत नाही. परिणामी वाढ घातांकी न राहता रेषीय होते: साध्या आलेखावर सरळ रेषा येते, तर लॉग आलेखावर रेषा हळूहळू झुकत जाते. खात्री करण्यासाठी २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये एकदा १०० आणि एकदा २५ मिलिलिटर कल्चर वाढवावे. कमी भरलेल्या फ्लास्कमध्ये घातांकी वाढ अधिक वरच्या ओडीपर्यंत टिकली, तर अडथळा ऑक्सिजनचाच होता.

अन्नासाठी कसोटी वेगळी. ग्लुकोज २ ऐवजी ४ ग्रॅम करावे. अंतिम ओडी दुप्पट झाली तर मर्यादा ग्लुकोजची होती. पण यापुढे जाऊन ८ ग्रॅम केल्यास ओडी पुन्हा दुप्पट होईल अशी अपेक्षा ठेवू नये. एम-९ मध्ये लिटरला १ ग्रॅम अमोनियम क्लोराईड असते, त्यात नायट्रोजन ०.२६ ग्रॅम. कोरड्या पेशीत नायट्रोजन सुमारे १४ टक्के असतो, म्हणून एवढ्या नायट्रोजनमधून १.९ ग्रॅमच पेशी बनू शकतात, आणि तेवढ्यांना ४ ग्रॅमहून जरासे जास्त ग्लुकोज पुरते. त्यापलीकडे ग्लुकोज उरते आणि नायट्रोजन संपतो. हे गणित कागदावर आधी न करता साखर वाढवत जाणारे बरेच प्रयोग याच ठिकाणी अडतात, असे माझे निरीक्षण आहे.

आम्लाचा संशय असेल तर पीएच मोजावा. ग्लुकोजवर जलद वाढताना, आणि हवा कमी पडल्यावर तर विशेषच, ई. कोलाय ॲसिटिक आम्ल बाहेर टाकतो. माध्यमाचा फॉस्फेट बफर ते काही प्रमाणात शोषतो. पण पीएच ५ च्या जवळ आला असेल आणि ग्लुकोज-चाचणीत साखर अजून दिसत असेल, तर वाढ आम्लामुळे थांबली आहे.

शेवटचा निवाडा मात्र पुनरुज्जीवनाच्या चाचणीने करावा. वाढ थांबताच कल्चर चार नळ्यांत वाटून एकीत ग्लुकोज, दुसरीत अमोनियम क्लोराईड घालावे, तिसरीत पीएच ७ वर आणावा आणि चौथी तशीच ठेवावी. चारही नळ्या सारख्याच जोरात हलवाव्यात. जी नळी पुन्हा वाढू लागेल तिने उत्तर दिले. एकही वाढली नाही तर दोन गोष्टी एकदम संपल्या असण्याची शक्यता धरून जोडीने घालून पाहावे. ही चाचणी तासाभरात करावी, कारण उपासमार झालेल्या पेशी रायबोसोम बनवणे थांबवतात आणि दुसऱ्या दिवशी अन्न दिले तरी आधी नवी लॅग भोगावी लागते.

तीन दिवसांनंतरही ओडी तशीच आहे. याचा अर्थ माझ्या कल्चरमध्ये डेथ फेज आलीच नाही असा घ्यावा का?

घेऊ नये. ओडी प्रकाश विखुरणाऱ्या कणांची मोजदाद करते, आणि मेलेली पण न फुटलेली पेशीही प्रकाश विखुरते. एलबीमधील ई. कोलायच्या कल्चरमध्ये काही दिवसांत ९९ टक्के पेशी वसाहत बनवण्याची क्षमता गमावतात, तरी गढूळपणा फारसा कमी होत नाही. त्यामुळे या अवस्थेत प्लेटवरील मोजणीला पर्याय नाही.

उरलेल्या एक टक्का पेशी मेलेल्यांतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांवर महिनोन्‌महिने जगू शकतात. परंतु त्या मूळच्या पेशी राहतीलच असे नाही: १९९३ साली रॉबर्टो कोल्टर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की अशा जुन्या कल्चरमध्ये उपासमारीला पेशी देत असलेला प्रतिसाद नियंत्रित करणाऱ्या आरपीओ-एस या जनुकात बदल झालेल्या पेशी संख्येने वरचढ होतात. म्हणून आठवडाभर शेकरवर राहिलेल्या फ्लास्कमधून पुढच्या प्रयोगासाठी इनॉक्युलम घेऊ नये. उणे ८० अंशांवर गोठवलेल्या साठ्यातून प्लेटवर रेषा ओढून नवी एकल वसाहत घ्यावी.