प्रबंधाची नोंद: शीर्षकपान उघडा, मग लिहा

प्रश्न: शोधगंगेवरचा एक पीएचडी प्रबंध वापरलाय. संदर्भयादीत लिंक टाकली तर गाइडनी लाल पेन मारून परत दिलं. अजून काय लिहायचं असतं? (कारेलीबाग)

पाच गोष्टी लागतात. लेखक, वर्ष, शीर्षक, मग चौकोनी कंसात पदवी आणि विद्यापीठ, आणि शेवटी भांडाराचं नाव व लिंक. ही एपीएची पद्धत, आपल्याकडे बऱ्याच विभागांमधे हीच मागतात. एमएलएमधे क्रम बदलतो पण माहिती हीच लागते, त्यामुळे एकदा नीट गोळा करून ठेवा.

आता ही माहिती घ्यायची कुठून, कारण खरी गडबड तिथेच होते. शोधगंगा आपल्या शेजारच्या गांधीनगरमधून इन्फ्लिबनेट चालवतं, पण तिथल्या पानावरची माहिती विद्यापीठांतल्या कोणीतरी टाइप करून भरलेली असते आणि टाइप करताना माणसं चुकतात. म्हणून त्या पानावरून सरळ कॉपी करू नका. खाली प्रबंधाच्या फाइली तुकड्यातुकड्यात दिलेल्या असतात, त्यातली बहुतेक वेळा पहिली `01_title.pdf` असते, ती उघडा. ते शीर्षकपान. लेखकाचं नाव, पूर्ण शीर्षक, कुठल्या पदवीसाठी, कुठल्या विद्यापीठाला, कधी, सगळं तिथे असतं आणि ते खुद्द संशोधकाने छापलेलं असतं. पान आणि नोंद यांच्यात फरक पडला तर पानाचं खरं धरायचं.

वर्षाचं बघा. शोधगंगेच्या यादीत डावीकडे `Upload Date` दिसते, ती म्हणजे फाइल चढवल्याची तारीख, प्रबंधाची नाही. 1990 च्या आसपासचे कितीतरी प्रबंध नंतर स्कॅन करून चढवलेत, तर ती तारीख घेतली की तीस वर्षांपूर्वीचं काम कालपरवाचं होऊन बसतं. आत गेल्यावर `Completed Date` असतं ते बघा आणि शीर्षकपानाशी ताडून घ्या.

नावाची गोष्ट तर आपल्या गुजरातची खास. इथे शीर्षकपानावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि मधे स्वल्पविराम नाही. समजा पानावर पटेल हेतल रमेशभाई असं आहे. सॉफ्टवेअरला वाटतं शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, आणि मग यादीत ती बाई रमेशभाई म्हणून र मधे जाऊन बसते. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणाचीही यादी हातात आली की आधी पहिलाच शब्द भाई किंवा बेनने संपतो अशा नोंदी शोधते. आणि हो, गाइडचं नाव नोंदीत येत नाही, कितीही मोठे असले तरी. नोंद प्रबंधाची असते आणि तो लिहिणाऱ्याचा असतो.

लिंक कुठली हे पण सांगते. पीडीएफ उघडल्यावर वर पत्त्याच्या पट्टीत जी लांबलचक लिंक दिसते ती घेऊ नका, ती एका प्रकरणाची असते, पूर्ण प्रबंधाची नाही, आणि साइट हलली की मरते. जुन्या याद्यांमधे शोधगंगेच्या `:8080` वाल्या लिंका अजून सापडतात, त्या अशाच उरलेल्या. नोंदीच्या पानावर `URI` समोर `hdl.handle.net/10603` ने सुरू होणारा पत्ता असतो, तो घ्या. हा कायमचा पत्ता, साइट बदलली तरी वळवून तिथेच नेतो, आणि म्हणूनच कधी बघितलं ती तारीख लिहायची गरज पडत नाही.

तर वरचं उदाहरण (नाव, वर्ष सगळं समजा म्हणून) इंग्रजी यादीत असं दिसेल:

```
Patel, H. R. (1994). Title of the thesis [Doctoral thesis,
The Maharaja Sayajirao University of Baroda]. Shodhganga.
https://hdl.handle.net/10603/xxxxx
```

शीर्षक तिरकं करायचं, कंसातलं सरळ ठेवायचं.

प्रश्न: थेसिस लिहायचं की डिझर्टेशन? नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसतं. (फतेगंज)

गोंधळ अमेरिकेमुळे होतो. तिकडे पीएचडीचं डिझर्टेशन आणि मास्टर्सची थेसिस, आपल्याकडे अगदी उलटं, पीएचडीची थेसिस आणि एम.फिल. किंवा एम.ए.चं डिझर्टेशन. एपीएच्या पुस्तकातली उदाहरणं अमेरिकन आहेत म्हणून तिथे Doctoral dissertation दिसतं. विभागाने एक शब्द ठरवून दिला असेल तर तो, नसेल तर शीर्षकपानावर आहे तो, पण त्याच्या आधी पदवी लागलीच पाहिजे, नुसतं थेसिस लिहून काही कळत नाही. मराठी यादी असेल तर पीएचडी प्रबंध आणि एम.फिल. लघुप्रबंध, हे दोन शब्द पुरतात.

एम.फिल.बद्दल जरा काळजी घ्या. यूजीसीने 2022 च्या नियमांमधे एम.फिल. बंद केलं, त्यामुळे नव्या मुलांना तो प्रकारच माहीत नाही, आणि बांधीव, जाड, विद्यापीठाचा शिक्का असलेला लघुप्रबंध हाती आला की ते सरळ पीएचडी लिहून मोकळे होतात. दीड-दोन वर्षांचं काम आणि पाच वर्षांचं काम यातला फरक वाचणाऱ्याला कळायला हवा, पदवी लिहायची ती त्याचसाठी. शीर्षकपानावर पदवीसाठी सादर केलेला असं एक वाक्य असतं, ते वाचा.

प्रश्न: प्रबंधावर पुणे विद्यापीठ आहे, आता नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालंय. कुठलं लिहू? आणि आपलं बडोदा की वडोदरा? (दांडिया बाजार)

प्रबंध ज्या वर्षीचा त्या वर्षी जे नाव होतं ते. पुण्याचं नाव 2014 मधे बदललं, त्याआधीच्या प्रबंधाला जुनं नाव. औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ 1994 मधे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं, तिथेही तसंच. मागे जाऊन नवं नाव चिकटवलं तर शोधणारा ग्रंथालयात जाईल तेव्हा शीर्षकपानावर वेगळंच नाव बघून गोंधळेल. शोधगंगेवर मात्र जुन्या प्रबंधांनाही बऱ्याचदा आजचं नाव लावलेलं असतं, तेव्हा परत तेच, पान उघडा.

आपल्याकडे शहराचं नाव वडोदरा झालं पण 1949 मधे स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या नावात अजून बडोदाच आहे, द महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बरोडा. ते तसंच पूर्ण लिहायचं. एमएसयू लिहू नका, अमेरिकेत एमएसयू म्हटलं की मिशिगन स्टेट समजतात.

प्रश्न: बाबासाहेबांचा रुपयावरचा प्रबंध वापरलाय. तो पीएचडी म्हणून लिहिला तर चालेल का? त्यांना सयाजीरावांची स्कॉलरशिप होती ना? (रावपुरा)

स्कॉलरशिप होती, 1913 मधे त्यावरच ते कोलंबियाला गेले. पण रुपयावरचं काम कोलंबियाचं नाही आणि पीएचडीचंही नाही. "द प्रॉब्लेम ऑफ द रुपी" हा लंडनचा, पदवी डी.एस्सी., आणि पदवी देणारं विद्यापीठ म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ लंडन. ते शिकले लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधे हे खरं, पण नोंदीत पदवी देणाऱ्याचं नाव येतं. हाच नियम आपल्या कॉलेजांमधल्या रिसर्च सेंटरला लागतो, काम सेंटरमधे झालं तरी नाव विद्यापीठाचं.

कोलंबियाची पीएचडी वेगळी, ती ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या कामाला. ते पुस्तकरूपात 1925 मधे आलं आणि पदवी 1927 मधे मिळाली. म्हणजे एकाच कामाला दोन वर्षं, आणि यादीत कोणी एक लिहितं कोणी दुसरं आणि मग दोघं भांडतात.

आता तुमच्यापुरतं उत्तर. तुम्ही हातात काय धरून वाचलं? टाइप केलेला मूळ प्रबंध नक्कीच नाही. 1923 ची पी. एस. किंग अँड सन, लंडन यांची आवृत्ती असेल तर ती पुस्तक म्हणून नोंदवा, पदवी नाही, विद्यापीठ नाही. आणि बहुतेकांकडे असतो तसा महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतला सहावा खंड असेल तर त्या खंडाची नोंद करा, पृष्ठक्रमांक पण त्यातलेच. हे मुळात डी.एस्सी.साठी लिहिलं होतं हे सांगायचं असेल तर लेखाच्या मजकुरात एका वाक्यात सांगा. पुस्तक वाचून प्रबंधाची नोंद केली तर पानांचे आकडे जुळत नाहीत आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

प्रश्न: एक जुना प्रबंध हंसा मेहता लायब्ररीत बसून वाचला, नेटवर नाहीच. आणि दुसरा इंग्लंडचा, त्याची लिंक उघडत नाही. दोन्ही काढून टाकू का? (प्रतापगंज)

अजिबात काढू नका. नेटवर नसलेल्याला एपीएमधे अप्रकाशित म्हणतात आणि तिथे एक छोटा बदल होतो. कंसात फक्त अप्रकाशित पीएचडी प्रबंध एवढंच, आणि विद्यापीठ कंसाबाहेर शेवटी, लिंकच्या जागी:

```
आडनाव, नाव. (1978). प्रबंधाचे शीर्षक [अप्रकाशित पीएचडी
प्रबंध]. महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बडोदा.
```

पण अप्रकाशित लिहायच्या आधी शोधगंगेवर एकदा आडनावाने आणि एकदा शीर्षकातल्या दोन शब्दांनी शोधून बघा, इंग्रजी स्पेलिंग उलटसुलट करून पण. लेखकाचं नाव चुकीचं टाइप झालेलं असेल तर पहिल्या झटक्यात सापडत नाही.

इंग्लंडच्या लिंकचं कारण बहुतेक वेगळं असावं. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर 2023 मधे सायबर हल्ला झाला तेव्हा त्यांचं एथॉस हे प्रबंधांचं भांडार बंद पडलं आणि त्याच्या लिंका असलेल्या जगभरातल्या याद्या एका दिवसात लंगड्या झाल्या. ज्यांनी पदवी, विद्यापीठ, वर्ष लिहिलं होतं त्यांचं काही बिघडलं नाही, कारण बहुतेक ब्रिटिश विद्यापीठांची स्वतःची भांडारं आहेत आणि तोच प्रबंध तिथे शोधता येतो. तुम्हीही तेच करा, विद्यापीठाच्या भांडारात शोधा, आणि नोंदीत भांडाराचं नाव पण बदला, एथॉस तसंच ठेवून लिंक नवी असं नको.

प्रश्न: झोटेरो वापरते, तरी प्रबंधांच्या नोंदी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिसतात. (अलकापुरी)

झोटेरो बऱ्याचदा शोधगंगेचं पान `Web Page` म्हणून उचलतं, म्हणून पदवीला जागाच राहत नाही. `Item Type` बदलून `Thesis` करा, की `Type` आणि `University` या जागा दिसतील. `Type` मधे जे टाइप कराल तेच यादीत छापलं जातं, म्हणून एकीकडे PhD thesis, दुसरीकडे Ph.D. आणि तिसरीकडे Doctoral thesis असं होऊ देऊ नका, तुमच्या पंचवीस नोंदी असतील तर पंचवीसही त्याच शब्दात. शीर्षक सगळं मोठ्या अक्षरात आलं असेल तर तेही हाताने नीट करा, शोधगंगेवर बऱ्याचदा तसं असतं. वर्डमधे यादी निवडून `Ctrl+T` दाबलं की दुसरी ओळ आत सरकते, म्हणजे नावं कडेला एकाखाली एक वाचता येतात. प्रबंधांचा वेगळा गट करू नका, विभागाने मागितला नसेल तर सगळ्या नोंदी आडनावाप्रमाणे एकाच यादीत, आणि एकाच माणसाचा एम.फिल. आणि पीएचडी दोन्ही असतील तर आधीचं वर्ष वर.