मळ्यातल्या घराचा पत्ता १०८ ला कसा सांगायचा?

"आईवडील गावापासून लांब मळ्यात राहतात, रस्त्याला नाव नाही का घराला नंबर नाही, रात्री-अपरात्री १०८ ला पत्ता काय सांगायचा?"

आमचं घर पण असंच, वाळवा तालुक्यात उसाच्या पट्ट्यात, म्हणून सांगतो. १०८ चा फोन पुण्यात उचलतात, त्यांना "पाटील मळा" म्हणून काही कळणार नाही, असले मळे गावोगावी आहेत. गट नंबर तर बिलकूल सांगू नका, तो सातबाऱ्यासाठी ठीक, ड्रायव्हरला त्याचा उपयोग नाही. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, ह्याच क्रमानं सांगायचं, कारण एकाच नावाची गावं दोन तालुक्यात असतात.

त्याच्यापुढं डांबरी रस्त्यावरनं मोजत यायचं. आमच्याकडं हे कागदावर लिहून फोनजवळ भिंतीला चिकटवलंय: "आष्ट्याकडनं इस्लामपूरकडं येताना आमच्या गावाची कमान, कमानीतनं आत दीड किलोमीटर, फरशी पूल ओलांडला की लगेच डाव्या हाताची पाणंद, तिथनं सहाशे मीटरवर डीपी, डीपीच्या मागचं घर." डावं-उजवं गाडी ज्या बाजूनं येणार तिकडनंच लिहायचं, आणि दुसऱ्या बाजूनं पण एक ओळ लिहून ठेवायची, कारण गाडी कुठनं सुटेल हे आधी माहीत नसतं. अंतर अंदाजानं नको, मोटारसायकलच्या मीटरवर बघा. खुणा रात्री हेडलाईटमध्ये दिसतील अशाच घ्या, पूल, कमान, डीपी, टॉवर. ऊस कधीच खूण म्हणून नको, तोडणी झाली की रान मोकळं, आणि उभा असला तर घरच झाकून टाकतो.

मॅपचं लोकेशन पण काढून ठेवा. भर दिवसा अंगणात उभं राहून गूगल मॅपमध्ये घरावर बोट दाबून धरलं की दोन आकडे मिळतात, दशांशानंतरचे चार अंक घेतले तरी साधारण दहा-अकरा मीटरपर्यंत बरोबर येतं. सांगली जिल्ह्यात पहिला आकडा १६ किंवा १७ नं सुरू होतो, दुसरा ७३ ते ७५ नं, उलटे लिहिले नाहीत ना ते ह्यावरनं कळतं. ते पण त्याच कागदावर लिहा म्हणजे वडिलांना फोनवर एकेक अंक वाचून दाखवता येईल, नेटला रेंज नसली की व्हॉट्सॲपवर लोकेशन जात नाही. पण निव्वळ मॅपवर सोडू नका, पाणंद मॅपमध्ये नसली तर तो गाडीला कॅनॉलच्या पलीकडच्या रस्त्यावर नेऊन उभा करतो, घर समोर दिसतंय आणि मधी पाणी.

म्हणून पाणंदीच्या तोंडाला माणूस पाहिजेच. शेजारच्या वस्तीवरच्या दोघा-तिघांना आत्ताच सांगून ठेवा, फोन आला की मोटारसायकल घेऊन टॉर्च लावून तिथं थांबायचं, त्यांचा नंबर १०८ ला द्यायचा म्हणजे ड्रायव्हर थेट त्यांनाच फोन करेल, आईवडिलांचा फोन मोकळा राहील. पावसाळ्यात काळ्या रानातनं ती ट्रॅव्हलर गाडी आत येत नाही, रुतली की वळवायला पण जागा नसते, तेव्हा गाडी कुठपर्यंत येईल हे फोनवर आधीच स्पष्ट सांगा आणि पेशंटला हलवायचं का, कसं, ते त्यांनाच विचारा, मनानं ट्रॉलीत घालू नका.

कागद लिहून झाला की गावाबाहेरच्या एखाद्या पाव्हण्याला रात्री फक्त तेवढं वाचून घरापर्यंत यायला सांगा. तो जिथं थांबून फोन करेल तिथली ओळ परत लिहा.